हस्तलिखित गणित अरबीत नेताना: सूत्रं लॅटिन ठेवायची की अरबी करायची?

विद्यार्थ्याच्या वहीच्या फोटोतलं गणिताचं उत्तर अरबीत न्यायचं म्हटलं की बहुतेकांना वाक्यांची काळजी वाटते. वाक्यं निभतात, अडतं ते सूत्रांपाशी. अरबीत शालेय गणित दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात वाक्य उजवीकडून आणि सूत्र मात्र लॅटिन अक्षरांत डावीकडून. इजिप्तच्या अरबी माध्यमाच्या शाळांत सूत्रही उजवीकडून, `x` च्या जागी `س`, आणि अंक `٠ ١ ٢ ٣` असे. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच उत्तरात मिसळू नयेत.

समजा वहीत हे आहे:

```
√(x + 3) = x − 3
x + 3 = x² − 6x + 9
x² − 7x + 6 = 0
x = 1, x = 6
```

दुसऱ्या ओळीआधी "दोन्ही बाजूंचा वर्ग करून" असं लिहिलंय आणि शेवटी, "x = 1 बाद, कारण उजवी बाजू 1 − 3 = −2 आणि वर्गमूळ ऋण नसतं. म्हणून x = 6."

कुठलीही पद्धत घ्या, आधी फोटोवरच्या ओळींना क्रमांक द्या आणि मूळ भाषेत जशाच्या तशा टाइप करा. बाणाने मध्ये घुसवलेला किंवा समासात लिहिलेला शब्द जिथला आहे तिथेच बसवा. ही पायरी गाळली की `1` चा `7` झाला तर चूक वाचनाची की भाषांतराची, हे नंतर कळत नाही. "कारण" विधानानंतर आलं असेल तर अरबीतही नंतरच ठेवा (लिअन्न). "बिमा अन्न… फइन्न" अशी, म्हणजे "ज्याअर्थी… त्याअर्थी" छापाची, रचना करून कारण पुढे ओढलं की विद्यार्थ्याचा क्रम मोडतो.

सूत्रं लॅटिन ठेवली तर काम कमी होतं आणि मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहता येते. "उजवी बाजू" हीसुद्धा उजवीच राहते, अत्-तरफ अल-अय्मन. धोका आहे तो नुसत्या अंकांच्या ओळीत. अरबी वाक्यात `1 − 3 = −2` साध्या मजकुरासारखं टाइप केलं की उजवीकडून चालणाऱ्या परिच्छेदात ते पडद्यावर असं उमटतं:

```
2− = 3 − 1
```

वजाबाकी उलटी झाली आणि ऋण चिन्ह अंकाच्या मागे गेलं. `x − 3` मात्र शाबूत राहतं, कारण सुरुवातीचं लॅटिन अक्षर पुढच्या अंकांची दिशा धरून ठेवतं; म्हणूनच ही चूक `x` ने सुरू होणाऱ्या ओळींत दिसत नाही आणि पडताळ्याच्या ओळीत उगवते. गंमत म्हणजे `3 > 2` उलटलं की `2 < 3` दिसतं, आणि तेही खरंच असतं! इलाज सोपा आहे: वर्डमध्ये समीकरण म्हणूनच घाला, लॅटेकमध्ये गणिती मोड वापरा, वेबपानावर असं लिहा:

```html
<span dir="ltr">1 − 3 = −2</span>
```

सगळंच अरबी केलं तर तिसरी ओळ अशी होते:

```
س² − ٧س + ٦ = ٠
```

आता सूत्र आरशात गेलं. मूळ समीकरणात उजवीकडे असलेलं `x − 3` इथे डावीकडे येतं, म्हणून "उजवी बाजू"चं भाषांतर "डावी बाजू" (अत्-तरफ अल-अय्सर) असं करावं लागतं. शब्दाला शब्द लावणारा इथे हमखास फसतो. दुसरा सापळा बाणाचा. `>` सारखं चिन्ह उजवीकडच्या मजकुरात आपोआप वळतं, पण `⇒` वळत नाही. तो हाताने `⇐` करावा लागतो. या उदाहरणातल्या ओळी `⇒` ने जोडल्या असतील तर ते विसरणं महागात पडतं. वर्ग करणं ही एकाच दिशेची पायरी आहे. बाण तसाच राहिला तर वाचकाला "वर्ग केलेल्या समीकरणावरून मूळ समीकरण मिळतं" असं दिसतं, मग `x = 1` बाद का हेच कळत नाही.

अंकही जपून. अरबी `٥` म्हणजे पाच, पण सवय नसलेल्याला तो शून्य वाटतो, आणि `٦` म्हणजे सहा, तो साताकडे झुकतो. फलनाचं अक्षर सगळीकडे एक नाही: कुठे `د`, कुठे `ق`. शिवाय लॅटेकचा साधा गणिती मोड डावीकडूनच चालतो, त्यामुळे वेगळी व्यवस्था लागते. एका पानाला वेळ बराच जास्त जातो.

निवड वाचकाच्या पाठ्यपुस्तकावरून करा. त्याचं एक पान मागवलं की प्रश्न मिटतो. ते मिळत नसेल तर मी लॅटिन सूत्रं घेईन, कारण तिथली चूक पकडता येते: तयार पीडीएफ उघडून अंकांची प्रत्येक ओळ डावीकडून वाचून पाहायची. `2− = 3 − 1` लगेच डोळ्यात खुपतं. न वळलेला बाण मात्र नुसते अंक वाचून सापडत नाही. त्यासाठी दोन ओळींमधला संबंध अरबी वाचणाऱ्यानेच तपासावा लागतो.