मनगटी पट्टा, आठ महिने: विश्रांतीची नाडी कुठल्या स्थितीतली, हे कोणी सांगेल का?

हा पट्टा मी गेल्या डिसेंबरमध्ये घेतला. त्याची बॅटरी, पडदा, पाण्यात चालतो की नाही वगैरे माहिती खोक्यावर छापलेली असते आणि ती बहुतेकांनी वाचलेली असते, म्हणून त्यात जात नाही. मी तो एकाच कामासाठी घेतला होता. निवृत्तीनंतर सकाळी चालायला सुरुवात केली होती आणि विश्रांतीच्या नाडीचे ठोके महिन्यागणिक कमी होतात का, हे मला पाहायचे होते. पहिले तीन महिने पडद्यावर 'Resting HR' या नावाखाली ६८, ६९, ६८ असे आकडे येत राहिले. मार्चमध्ये एका रात्री पट्ट्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आकडा ५९ झाला. चालण्याचे फळ मिळाले असे समजून मी ही बातमी बागेतल्या मंडळींना सांगूनही टाकली, आणि त्याचा पश्चात्ताप पुढे आठवडाभर पुरला.

कारण नाडी एका रात्रीत नऊ-दहा ठोक्यांनी सुधारत नाही. व्यायामाने फरक पडतो, पण तो काही आठवड्यांत, दोन-चार ठोक्यांनी आणि हळूहळू पडतो. ग्राहक सेवा केंद्राला फोन केला, तेव्हा आधी पट्टा पुसायला सांगितले, मग पुन्हा जोडायला सांगितले, शेवटी पट्टाच बदलून दिला. नव्या पट्ट्यानेही ६० दाखवले. चौथ्या फोनला एका तरुणाने जे सांगितले, ते पहिल्याच फोनला सांगता आले असते: "सर, पूर्वी दिवसा तुम्ही शांत बसलेले असताना आकडा घेतला जायचा, आता झोपेतला घेतला जातो." म्हणजे माझे हृदय होते तसेच होते. मापण्याची स्थिती बदलली होती आणि आलेखावर मात्र दोन्ही आकडे एकाच रेषेने जोडलेले होते.

रागाच्या भरात मी पट्टा काढून ठेवला आणि आठवडाभर घड्याळाचा सेकंद काटा आणि दोन बोटे घेऊन स्वतः मोजले. अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःची धडधड मध्ये येते. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी आणि मधले बोट हलके ठेवावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह टाळावा, कारण एक ठोका चुकला तर हिशेबात चार चुकतात. शिवाय श्वास घेताना नाडी किंचित वाढते आणि सोडताना किंचित कमी होते, त्यामुळे पूर्ण मिनिट मोजलेले बरे. माझी सरासरी जागेपणी आडवे असताना ६२, खुर्चीत बसून ६७ आणि उभे राहून ७५ अशी आली. माणूस तोच, सकाळ तीच, आणि आकडे तीन.

असे का होते याचे मूळ गुरुत्वाकर्षणात आहे. आपण आडवे असतो तेव्हा पाय, पोट आणि हृदय जवळपास एकाच पातळीवर असतात आणि रक्त सहज परत येते. उभे राहताच साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांमध्ये उतरून तिथे रेंगाळते. हृदयाकडे कमी रक्त परतते, म्हणून एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्तही कमी होते. उदाहरणादाखल आडवे असताना एका ठोक्याला ८० मिलिलिटर धरले, तर ६२ ठोक्यांत मिनिटाला जवळपास पाच लिटर होतात. उभे राहिल्यावर ठोका ५६ मिलिलिटरवर आला आणि नाडी ६२ च राहिली, तर साडेतीन लिटरच उरतील. ती ७५ झाल्यावर ४.२ लिटरपर्यंत मजल जाते. उरलेली तूट रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब टिकवल्याने सांभाळली जाते.

हा बदल घडवणारी यंत्रणा मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यावर आणि महाधमनीच्या कमानीत बसलेली आहे. तिथले दाब ओळखणारे चेतातंतू ताण किंचित सैल पडल्याची खबर मेंदूच्या तळाशी देतात. हृदयाचा स्वतःचा वेग तरुणपणी शंभराच्या आसपास असतो आणि व्हेगस चेता त्याला सतत लगाम घालून खाली ठेवते. उभे राहिल्यावर आधी हा लगाम सैल होतो, आणि तो एका-दोन ठोक्यांतच होतो. वेग वाढवणारी दुसरी चेतासंस्था काही सेकंदांनी कामाला लागते. त्यामुळे उभे राहिल्यावर साधारण पंधराव्या ठोक्याच्या सुमारास नाडी सर्वांत वेगवान असते, तिसाव्या ठोक्याच्या आसपास ती पुन्हा मंदावते, आणि नंतर कुठे स्थिर होते. उठल्या उठल्या मोजणाऱ्याला म्हणूनच कधी ९० दिसते, तर कधी ७०. उभ्याचा आकडा घ्यायचा असेल, तर किमान दोन-तीन मिनिटे न हलता थांबून घ्यावा.

बसण्याची स्थिती या दोहोंच्या मध्ये येते, कारण पाय खाली असतात पण धड फारसे उंच नसते. मात्र "बसणे" हा एक शब्द असला, तरी शरीराच्या दृष्टीने त्याचे अनेक प्रकार आहेत, आणि इथेच माझा पहिला निष्कर्ष चुकला. मला वाटले होते की खुर्चीतला आकडा सर्वांत सोयीचा, कारण दवाखान्यात नाडी बहुधा बसवूनच पाहतात आणि घरच्या रक्तदाबयंत्रावरही तोच आकडा येतो. म्हणून एप्रिलभर मी बसून मोजले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत ६७, आरामखुर्चीत पाय वर घेऊन ६४, आणि देवघरासमोर मांडी घालून बसल्यावर ६५ असा घोळ झाला. मांडी घातल्यावर पाय लोंबत नाहीत, हे त्यामागचे कारण असावे. त्यात चहा आधी झाला की नंतर, फोनवर कोणाशी बोलणे झाले का, मी जिन्याने वर आलो का, या प्रत्येक गोष्टीने दोन-तीन ठोके हलायचे. महिनाअखेरीस बसलेल्या आकड्यांचा विस्तार ६३ ते ७२ झाला होता. त्यातून दोन ठोक्यांची खरी सुधारणा शोधणे म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोने तोलणे.

मे महिन्यापासून मी जाग आल्यावर आडव्या स्थितीतच मोजू लागलो. पहिल्याच दिवशी लक्षात आले की गजर वाजून दचकून उठल्यास आणि लघवी तुंबलेली असल्यास आकडा चार-पाचने फुगतो. आता मी उठून लघवीला जाऊन येतो, पुन्हा पाठीवर आडवा होतो, पाच मिनिटे फोनला हात न लावता पडून राहतो आणि मग मिनिटभर मोजतो. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, उठून पुन्हा झोपायचे, हा कसला व्यायाम?" पण आकडे ६० ते ६३ या टप्प्यात आले. जूनअखेरीस एका सकाळी आकडा अचानक ६९ झाला, दुसऱ्या दिवशी ७२, आणि त्या संध्याकाळी कणकण जाणवून ताप चढला. ताप एक अंश सेल्सियसने वाढला की नाडी साधारण आठ-दहा ठोक्यांनी वाढते. बसून मोजलेले ७२ एप्रिलच्या गोंधळात सहज लपले असते, कारण तिथे ७२ हा रोजचाच आकडा होता.

तरीही आडव्या आकड्याची एक मर्यादा नागपूरच्या उन्हाळ्याने दाखवली. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री वीज गेल्याने कूलर बंद पडला आणि रात्रभर घाम आला. सकाळी आडवे असताना ६४ होते, म्हणजे नेहमीपेक्षा दोनच अधिक. उभे राहून तीन मिनिटांनी मोजले तेव्हा ८६ झाले, म्हणजे नेहमीचा तेरा ठोक्यांचा फरक बावीसवर गेला. शरीरातले पाणी कमी झाले की रक्ताचे आकारमान घटते. आडवे असताना ती घट झाकली जाते, पण उभे राहताच पाय आपला वाटा मागतात आणि हृदयाला अधिक पळावे लागते. त्या दिवशी ताक, लिंबूपाणी असे पोटभर घेतले, दुसऱ्या सकाळी फरक पुन्हा चौदावर आला. तेव्हापासून रोजची नोंद आडव्याची आणि रविवारी तिच्या जोडीला उभ्याची, अशी माझी वही चालते. दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत असतात आणि त्यांची सरासरी मी कधीही काढत नाही.

ज्यांच्या घरी आधीपासून रक्तदाबयंत्रावरची बसलेली नोंद चालू आहे, त्यांनी ती माझ्या सांगण्यावरून मोडू नये. फक्त खुर्ची एकच ठेवावी, पाठ टेकवावी, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, पायावर पाय घालू नये आणि पाच मिनिटे बसून मग कळ दाबावी. बीटा ब्लॉकर गटाची गोळी घेणाऱ्यांत उभे राहिल्यावरची वाढ दबून जाते, तेव्हा त्यांनी माझ्या तेराशी आपले पाच ताडून पाहू नयेत. वयानेही ही वाढ कमी होते. उलट, प्रौढ माणसाची नाडी उभे राहिल्यावर दहा मिनिटांत तीस किंवा अधिक ठोक्यांनी वाढत असेल आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. ठोक्यांमधले अंतर अनियमित लागत असेल, तरीही जावे, कारण तेव्हा पट्ट्याचा आकडाही भरवशाचा राहत नाही.

पट्ट्याबद्दल माझे मत आता थोडे मवाळ झाले आहे. त्याचा झोपेतला आकडा वाईट नाही. त्यात चहा नसतो, फोन नसतो, आणि तो माझ्या हाताने मोजलेल्या आडव्या आकड्यापेक्षा सातत्याने दोन-तीनने कमी येतो, कारण झोपेत नाडी जागेपणापेक्षाही खाली उतरते. सातत्य असले की मोजमाप कामाचे ठरते. तक्रार उरते ती आलेखाची, जिथे मार्चच्या आधीचे बसलेले आकडे आणि नंतरचे झोपेतले आकडे आजही एकाच निळ्या रेषेने जोडलेले आहेत आणि खाली "तुमच्यात सुधारणा झाली आहे" असे अभिनंदन झळकते. दोन हजार चारशे नव्व्याण्णव रुपयांत हे मिळते, आणि बोटे आणि जुने घड्याळ फुकट असतात. पाचपैकी तीन तारे देतो. पडद्यावर आकड्यापुढे "झोपेत" एवढा शब्द छापला असता, तर चौथाही दिला असता.