थंडरबर्डमधला ‘रजेवर आहे’ फिल्टर: अकरा महिन्यांनंतर, काकूंच्या कृपेने

थंडरबर्ड हे मेल वाचायचं सॉफ्टवेअर मी गेल्या वर्षापासून वापरते. फुकट आहे, जुन्या डेस्कटॉपवरही चालतं आणि माझ्या अनुवादाच्या धंद्याचे तिन्ही मेल-पत्ते एकाच खिडकीत दिसतात. त्याबद्दल तक्रार नाही. हे लिहितेय ते एकाच गोष्टीवर: सुट्टीवर जाताना लावायचं आपोआप उत्तर.

2025 चा गणपती 27 ऑगस्टला होता. आम्ही 25 लाच ठाण्याहून कणकवलीला निघणार, तिथून 3 सप्टेंबरच्या रात्री परत. दहा दिवस ग्राहकांना उत्तर गेलं नाही तर ते दुसरा अनुवादक शोधतात, हा अनुभव आहे. म्हणून आदल्या रात्री बसून सगळं लावलं. नवा मेल उघडला, ‘To’ रिकामा ठेवला, ‘मी 3 सप्टेंबरपर्यंत गावी आहे, 4 पासून काम सुरू’ असा मजकूर लिहिला आणि `File > Save As > Template` केलं. मग `Tools > Message Filters` मध्ये नवा फिल्टर. `Getting New Mail` ला टिक, अट अशी की `To` मध्ये माझा पत्ता असावा आणि `From` मध्ये noreply नसावं, कृती `Reply with Template`. दहा मिनिटांचं काम. स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावरून मेल टाकून पाहिला, उत्तर लगेच आलं. मी खूश.

कॉम्प्युटर चालू ठेवावा लागणार, हे मला माहीत होतं, कारण हा फिल्टर थंडरबर्ड चालवतं, मेलचा सर्व्हर नाही. सर्व्हर मेल घेऊन पेटीत ठेवतो, एवढंच. पेटी उघडून ‘याला उत्तर दे’ म्हणणारा माझ्या टेबलाखाली बसलेला. तो झोपला तर पेटी भरत राहते आणि उत्तर कोणीच देत नाही. म्हणून विंडोजमधला Sleep `Never` केला, मॉनिटर बंद केला, कॅबिनेट आणि राउटर चालू ठेवले. हिशोबही केला: दोन्ही मिळून साधारण 70 वॉट, म्हणजे दिवसाला 1.68 युनिट, दहा दिवसांत 17 च्या जवळ. माझ्या बिलाच्या दराने दीडशे रुपयांच्या पुढे. एक ‘मी गावी आहे’ म्हणायला दीडशे रुपये! पण म्हटलं, एक गेलेला ग्राहक त्याहून महाग.

मग समोरच्या काकू. किल्ली त्यांच्याकडे, कारण झाडांना पाणी. चतुर्थीच्या सकाळी आमची आरतीची गडबड चालली असताना फोन आला, ‘अगं, तुझा कॉम्प्युटर तसाच घुंई घुंई करत राहिला होता. मी बटण बंद केलं हो. किती वीज जाते!’ काकूंना काय बोलणार? वीज वाचवायची सवय आमच्या मजल्याला लागलीय ती माझ्यामुळेच. ‘बरं केलंत’ म्हटलं आणि मोदकाच्या उकडीत हात घातला.

पुढचे आठ दिवस एकालाही उत्तर गेलं नाही. ते अपेक्षितच होतं. खरी गंमत 4 सप्टेंबरला. सकाळी कॉम्प्युटर चालू केला, थंडरबर्ड उघडलं आणि साठलेले मेल उतरायला लागले. त्याच्या लेखी ते सगळे ‘नवे’. त्याने इमानदारीत एकेकाला उत्तर धाडलं: मी 3 सप्टेंबरपर्यंत गावी आहे. 4 तारखेला! मी खिडकी बंद करेपर्यंत अठ्ठावीस उत्तरं गेली होती. एका ग्राहकाने आठवड्यात तीन मेल केले होते, त्याला तीन मिळाली, कारण हा फिल्टर कोणाला आधी उत्तर दिलंय याची नोंद ठेवत नाही, मेल तितकी उत्तरं. आणि जे मेल मी गावाहून फोनवर उघडून वाचले होते, त्यांना मात्र एकही गेलं नाही, कारण वाचलेल्या मेलला तो हात लावत नाही. म्हणजे महत्त्वाचे लोक कोरडे राहिले आणि बिनमहत्त्वाच्यांना शिळं उत्तर पोचलं.

Sent फोल्डर बघत असताना मात्र माझं मत जरा फिरलं. 27 च्या पहाटे एका कंपनीच्या तक्रार-विभागाचा मेल आला होता. माझ्या फिल्टरने उत्तर दिलं. त्यांच्या यंत्राने ‘तुमचा संदेश मिळाला’ म्हणून पोच दिली. फिल्टरला तो नवा मेल, परत उत्तर. परत पोच. पत्त्यात noreply नव्हतं, त्यामुळे माझी अट काही कामाची नव्हती. अशा त्र्याहत्तर फेऱ्या झाल्या होत्या आणि शेवटची काकूंनी बटण दाबलं तेव्हाची. ज्या काकूंवर मी आठ दिवस मनातल्या मनात चिडले होते, त्यांनीच हा पोरखेळ थांबवला. आणि 4 तारखेला कॉम्प्युटर चालू झाल्यावर तो जिथे थांबला होता तिथून पुन्हा सुरू झाला, हेही सांगून टाकते.

माझ्या मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या होस्टिंगवाल्यांशी माझं आधीच एकदा वाजलं होतं. जूनमध्ये आपोआप उत्तराचं विचारलं होतं तेव्हा चॅटवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, क्लायंटमध्ये फिल्टर लावा.’ क्लायंट म्हणजे थंडरबर्ड. तेच मी लावलं! आता तिसऱ्या चॅटला एका मुलीने सरळ सांगितलं की तुमच्या वेबमेलमध्येच सोय आहे. राउंडक्यूब हे ते वेबमेल उघडून `Settings > Vacation`. तिथे विषय, मजकूर, `Vacation start`, `Vacation end` आणि चालू-बंद. ही नोंद सर्व्हरवर राहते, त्यामुळे उत्तर तोच देतो. आत सीव्ह नावाची छोटी भाषा आहे, तिच्या या ‘व्हेकेशन’ची व्याख्या 2008 च्या आरएफसी 5230 या इंटरनेटच्या नियमपत्रकात आहे. तारखा सोडल्या तर असं काहीतरी बनतं:

```
require "vacation";
vacation :days 4 "Mi gavi aahe";
```

`:days 4` म्हणजे एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच उत्तर. दोन यंत्रांची ती पोच-पोच इथे पहिल्याच फेरीत मरते.

दिवाळीला वापरलं. निघण्याआधी कॉम्प्युटर बंद करून फोनवरून मेल टाकला, मिनिटभरात उत्तर. खात्रीसाठी दुसरा टाकला तर काहीच नाही. झालं, हेही बिघडलं म्हणून परत चॅट उघडणार होते, तेवढ्यात चार दिवसांची अट आठवली. चाचणी घ्यायची तर दर वेळी वेगळ्या पत्त्यावरून घ्या.

एक खोट इथेही निघाली. माझा info@ वाला पत्ता मुख्य पेटीकडे वळवलेला आहे. त्यावर आलेल्या मेलना उत्तर गेलं नाही. मेलच्या `To` किंवा `Cc` मध्ये आपला ओळखीचा पत्ता नसेल तर सीव्ह गप्प बसतो, म्हणजे मेलिंग लिस्टना उत्तरं जात नाहीत. पण त्याला info@ माझाच आहे हे कळणार कसं? त्याच पानावर आपले पत्ते लिहायची जागा आहे, तिथे तो घातला आणि चालू झालं. दिवाळीचे पहिले दोन दिवस मात्र त्यात गेले.

थंडरबर्डमधला तो फिल्टर मी काढलेला नाही, फक्त बदललाय. दरपत्रक मागणाऱ्यांसाठी नवं टेम्प्लेट करून तो वापरते, विषयात ‘दर’ असला तरच. तेव्हा मी समोर बसलेलीच असते, कॉम्प्युटर चालूच असतो. गावाला जाताना आता मेन स्विचच पाडते. काकूंनी परवा विचारलं, ‘यंदा चालू ठेवायचा नाही ना?’