पूर्ण ABCD लिहायची की २७ मधून वजा करायचं? अक्षरमालेच्या प्रश्नाला कुठली पद्धत घ्यावी

पोलीस भरतीला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही, त्यामुळे अक्षरमालेचा प्रश्न कसा सोडवायचा हे घरीच ठरवून जायला हवं. एकच प्रश्न घेऊ. इंग्रजी वर्णमालेत उजवीकडून १८ व्या अक्षराच्या डावीकडे ४ थे अक्षर कोणते?

पहिली पद्धत, रफ कागदावर A ते Z लिहायचं, खाली १ ते २६ नंबर टाकायचे आणि बोटाने मोजायचं. चुकायची भीती कमी, पण वेळ खाते. आणि मोजताना एक गडबड होतेच, डावीकडे ४ म्हटलं की काहीजण ज्या अक्षरावर उभे आहेत तेच १ धरतात. तसं नाही, पुढच्या अक्षरापासून १ मोजायचा.

दुसरी पद्धत EJOTY ची. E ५, J १०, O १५, T २०, Y २५, एवढं पाठ असलं की कुठलंही अक्षर यातल्या एकापासून फार तर दोन घरं लांब असतं (फक्त A चार आणि B तीन घरं लांब, पण ते कोण विसरणार). उजवीकडचा नंबर डावीकडचा करायला २७ मधून वजा करायचा. २७ − १८ = ९, आता डावीकडे ४ म्हणजे ९ − ४ = ५, उत्तर E. इथे २६ मधून वजा केलं की ८ येतात, मग ४, म्हणजे D, आणि पर्यायांत D दिलेला असला की आपण बिनधास्त टिक करून पुढे जातो. शंका आली तर Z वर तपासा, उजवीकडून तो १ ला, डावीकडून २६ वा, बेरीज २७.

तिसरी म्हणजे क्लासवाल्यांची ट्रिक, दिशा वेगळ्या असतील तर बेरीज, सारख्या असतील तर वजाबाकी. १८ + ४ = २२, हे उजवीकडून झालं, म्हणून २७ − २२ = ५, परत E. सगळ्यात फास्ट आहे, पण घाईत 'उजवीकडून' आणि 'उजवीकडे' यात गल्लत झाली की संपलं, कारण उजवीकडून १८ व्याच्या उजवीकडे ४ थं विचारलं तर १८ − ४ = १४ आणि उत्तर थेट M वर जातं.

मला विचाराल तर दुसरीच घ्या. आधी डावीकडचा नंबर काढायचा, मग उजवीकडे असेल तर अधिक, डावीकडे असेल तर वजा, लक्षात ठेवायला दुसरं काही नाही. EJOTY अजून तोंडात बसलं नसेल तर मात्र पहिलीच बरी.

आणि प्रश्नात 'पहिली १३ अक्षरे उलट क्रमाने लिहिल्यास' असं दिसलं तर पाठांतर थेट लावू नका, कारण २७ चं गणित जागा बरोबर देतं पण त्या जागेवर अक्षर बदललेलं असतं. वरच्याच प्रश्नात जागा ५ वीच येते, पण रांग M, L, K, J, I अशी सुरू होते, म्हणून उत्तर I. इथे तेवढा उलटा भाग कागदावर लिहून काढा.