म्हापशातला दातांचा दवाखाना: एकाच वेळेवर दोन पेशंट, त्यांची माफी आणि पुढचे काही महिने

डिचोलीत राहून दातांसाठी म्हापशाला जाणारे आमच्याकडे बरेच आहेत. मीही पावसाळ्याच्या आधीपासून तिथल्या एका खासगी दवाखान्यात जाते. खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, त्यावर कॅप बसली, मग एक साधं फिलिंग. हाताचं काम चोख आहे, दर म्हापशातल्या इतर दवाखान्यांसारखेच आहेत, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. नाव मुद्दाम देत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही लहान दवाखान्यात घडू शकतं. मला लिहायचंय ते वेळेच्या गोंधळाबद्दल आणि त्यांनी तो कसा निस्तरला त्याबद्दल.

आधी इथली व्यवस्था सांगते, नाहीतर घोटाळा का मोठा होता ते कळणार नाही. दवाखान्यात खुर्च्या दोन आहेत आणि रोजच्या डॉक्टर एक. पण दाढेचं रूट कॅनाल त्या स्वतः करत नाहीत. त्यासाठी बाहेरून स्पेशालिस्ट येतात, मंगळवारी आणि शनिवारी, तेही सकाळीच. दुपारी एक वाजता दवाखाना बंद होतो तो चारला उघडतो, आणि तोवर स्पेशालिस्ट दुसऱ्या गावच्या दवाखान्याकडे निघालेले असतात. गोव्यात ही पद्धत नवी नाही. म्हणजे खुर्ची रिकामी असली तरी उपयोग नाही, माणूस मोकळा पाहिजे. त्यांच्या सकाळीत मोठी कामं बसतात तीन, फार तर चार. त्यातली एक वेळ दोघांना दिली गेली, तर एकाचं काम पुढे जाणारच. दहा मिनिटं इकडेतिकडे करून ते भरून निघत नाही.

माझी दुसरी बैठक होती. पहिल्या बैठकीत दाढ बधिर करून आतली नस काढली होती, मुळांच्या नळ्या बारीक फाइलींनी घासून, औषधी पाण्याने धुऊन, आत कॅल्शियमचं औषध भरलं होतं आणि वर तात्पुरतं फिलिंग लावलं होतं. हे तात्पुरतं फिलिंग म्हणजे पांढरट लांबीच असते. थुंकीने घट्ट होते, पण चावून चावून झिजते. ती पातळ झाली किंवा कडेने सुटली की थुंकी आत झिरपते, थुंकीबरोबर जंतू जातात आणि पहिल्या बैठकीची मेहनत पाण्यात. म्हणून दुसरी बैठक साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत घ्यायची असते. थोडं पुढेमागे चालतं, महिनोन्‌महिने नाही.

शनिवारची अकराची वेळ कार्डावर हाताने लिहून दिली होती. मी अर्धा दिवस रजा टाकून, अस्नोड्यावरून बसने वेळेत पोचले. रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग डायरीकडे, पुन्हा कॉम्प्युटरकडे, आणि म्हणाली, “मातशें रावात हां.” तिचा चेहरा बघूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. आतल्या खुर्चीवर कुणीतरी आधीच बसलेलं होतं.

थोड्या वेळाने रोजच्या डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. “अकराची वेळ तुम्हालाही दिली आणि आणखी एकांनाही. त्यांच्या गालाला सूज आहे, त्यांना परत पाठवता येणार नाही. तुमचं आज होणार नाही. तुम्हाला उगाच एक वाजेपर्यंत बसवून ठेवत नाही.” राग आला, नाही असं नाही. पण सूज असलेला पेशंट आधी घ्यायचा हे मलाही पटण्यासारखं होतं, आणि “बघू, मध्ये जमलं तर घेऊ” असं गाजर त्यांनी दाखवलं नाही, हे बरं केलं. दुसरा पेशंट कोण, कुठला, हेही बोलल्या नाहीत. तसंच हवं.

मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात जास्त भावलं. दुसऱ्या खुर्चीवर बसवून माझं तात्पुरतं फिलिंग तपासलं. मधोमध झिजलं होतं. हे कमीत कमी साडेतीन-चार मिलिमीटर जाड असावं लागतं, असं सांगत त्यांनी वरचा थर काढून नवं भरलं. पैसे घेतले नाहीत. काम पुढे ढकलायचंय तर आधी दाढ ढकलण्याच्या स्थितीत आहे का ते बघायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं. नुसती दुसरी तारीख देऊन घरी पाठवणारे दवाखाने मी पाहिलेत.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला. तो जवळजवळ जसाच्या तसा देते:

“नमस्कार. आज सकाळी ११ ची वेळ आमच्याकडून दोन पेशंटना दिली गेली. तुमची वेळ डायरीत लिहिली होती, पण कॉम्प्युटरवर चढवायची राहिली, त्यामुळे तिथे ती मोकळी दिसत होती. चूक आमची आहे. तुमची सकाळ वाया गेली, त्याबद्दल माफी मागतो. मंगळवारी सकाळी ९.३० ची, डॉक्टरांची पहिली वेळ पूर्ण एक तास तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. जमेल की नाही ते सोमवारी दुपारी १ पर्यंत कळवा. न जमल्यास शनिवारची पहिली वेळ तुम्हाला देऊ. तोपर्यंत त्या बाजूने चावू नका. फिलिंग निघालं किंवा दुखू लागलं तर वेळ न घेता या.”

“प्राधान्य देऊ” असं कुणीही लिहितं. यात प्राधान्य म्हणजे नेमकं काय ते लिहिलंय. पहिली वेळ म्हणजे आधीच्या पेशंटचं काम लांबलं म्हणून ताटकळायचा प्रश्नच नाही. दातांच्या दवाखान्यात उशीर साचत जातो. साडेनऊच्या माणसाची एखादी वाकडी नळी सापडेना, की साडेअकराचा पेशंट साडेबाराला आत जातो. म्हणून प्राधान्याच्या नावाखाली साडेअकराची वेळ दिली असती तर तिला फारसा अर्थ नव्हता. “पूर्ण एक तास” हेही महत्त्वाचं. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक वेळ म्हणजे अर्धा तास, असं मला नंतर त्या मुलीनेच सांगितलं. दाढेच्या दुसऱ्या बैठकीला तेवढ्यात काही होत नाही. आधीचं औषध धुऊन काढायचं, नळ्या कागदी काड्यांनी कोरड्या करायच्या, भरायच्या, एक्स-रे काढायचा. एकच चौकट अडवली असती तर दहा वाजता दुसरा पेशंट दारात उभा राहिला असता आणि पुन्हा तेच रामायण.

आणखी एक, उत्तर कधीपर्यंत द्यायचं ते लिहिलं होतं, आणि नाही जमलं तर पुढची वेळही हातात होती. त्याशिवाय “तुमच्या सोयीची वेळ कळवा” याला काही अर्थ नसतो. आपण कळवतो, ती वेळ भरलेली असते, आणि फोनाफोनी आपल्यालाच करावी लागते.

निरोपात उणीव एकच वाटली. मंगळवारी पुन्हा कुणी सूज घेऊन आलं तर काय, हे लिहिलं नव्हतं. मी फोन करून विचारलं. उत्तर सरळ मिळालं: ताप किंवा सूज असेल तर रोजच्या डॉक्टर त्याला दुसऱ्या खुर्चीवर बघतील, तुमचा तास मोडणार नाही, पण स्पेशालिस्टांनाच हात घालावा लागला तर थांबावं लागेल. हे कुणालाही वचन म्हणून देता येणार नाही, हे मला मान्य आहे. बिलात सवलत मिळाली का, असं माझ्या जावेने विचारलं. नाही, आणि मी मागितलीही नाही. त्या शंभर-दोनशे रुपयांपेक्षा मंगळवारचा तास मोलाचा होता.

मंगळवारी मी पोचले तेव्हा खुर्ची तयार होती. दाढेभोवती रबराचं कापड लावून काम सुरू झालं. शेवटच्या एक्स-रेत नळ्या टोकापर्यंत भरलेल्या पांढऱ्या रेघांसारख्या दिसल्या, डॉक्टरांनी पडद्यावर दाखवल्या. त्या दाढेने नंतर त्रास दिलेला नाही.

आता पुढच्या महिन्यांचं. गोंधळाचं मूळ होतं दोन वह्यांत. फोनवरून किंवा ऑनलाइन घेतलेली वेळ थेट कॉम्प्युटरवर जाते आणि लगेच एसएमएस येतो. पण बैठक संपल्यावर समोरासमोर दिलेली पुढची वेळ घाईत डायरीत लिहिली जायची आणि कॉम्प्युटरवर नंतर, सवडीने. माझ्या त्या अकराच्या वेळेचा एसएमएस आलाच नव्हता. म्हणजे ओळखायची खूण सोपी आहे. एरवी एसएमएस पाठवणाऱ्या दवाखान्यात कार्डावर वेळ मिळाली पण एसएमएस आला नाही, तर आपलं नाव बहुधा कागदावरच आहे.

ती मुलगी आता आपल्यासमोरच कॉम्प्युटरवर नाव घालते आणि “मेसेज आला?” विचारूनच सोडते. कॅपच्या मापाच्या वेळी आणि बसवायच्या वेळीही तसंच झालं. कॅप उशिरा आली ती चवथीमुळे, लॅब बंद होती, त्यात दवाखान्याचा दोष नाही आणि त्यांनी ते आधीच सांगितलं होतं. पण ती मुलगी रजेवर असली की तिच्या जागी बसणारे गृहस्थ अजून डायरीवरच भिस्त ठेवतात. दिवाळीनंतर फिलिंगसाठी त्यांनी वेळ दिली आणि एसएमएस आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला, तर खरोखरच कॉम्प्युटरवर नाव नव्हतं. वेळ मोकळी होती म्हणून निभावलं. डॉक्टरांना मी हे सांगितलंय. डायरी बंद करायचा त्यांचा विचार आहे, पण वीज गेली की काय, म्हणून अडलंय म्हणे. मला विचाराल तर डायरी असू दे, पण वेळ द्यायची ती कॉम्प्युटर बघूनच, आणि वीज नसेल तेव्हा “कळवतो” म्हणून नंबर लिहून घ्यावा.

दुपारी एक ते चार फोन कुणी उचलत नाही. एसएमएस इंग्रजीत येतात, माझ्या सासूबाईंना ते वाचून दाखवावे लागतात. शुक्रवारी बाजारामुळे आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा त्या दिवशीची वेळ घेतलीत तर बसनेच जा. दाढेच्या रूट कॅनालसाठी जाणार असाल तर स्पेशालिस्टांचा वार आणि आपल्यासाठी अर्धा तास धरलाय की एक, हे दोन्ही विचारून घ्या. सासूबाईंच्या दाढेसाठी मी येत्या शनिवारची पहिली वेळ घेतली आहे, एक तासाची, आणि एसएमएस आलेला आहे.