आयकार्डाचे फोटो आणि हिरवा पडदा: inRange पुरतं, की हिरव्याची आघाडी मोजायची?

काम ओळखीचं आहे. कॉलेजच्या आयकार्डासाठी एकाच पडद्यासमोर काढलेले काही शे फोटो समोर आहेत आणि सगळ्यांची पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट निळी करून द्यायची आहे. फोटोशॉपमध्ये एकेक करत बसायचं नाही, ओपनसीव्हीत लूप लावून मोकळं व्हायचं. इथपर्यंत आलात की पुढे दोन वाटा फुटतात. पहिली सगळ्यांना माहीत असलेली: फोटो एचएसव्हीत न्यायचा, inRange ने हिरवा पट्टा धरायचा आणि मास्क उलटा करायचा. दुसरी जरा कमी चालीतली: प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरवा उरलेल्या दोन रंगांपैकी मोठ्यापेक्षा किती पुढे आहे ते मोजायचं आणि त्यावरून थेट पारदर्शकता काढायची. पेट्रो व्लाहोस यांनी चित्रपटांच्या निळ्या पडद्यासाठी जे रंगफरकाचं तंत्र बसवलं, त्याचंच हे साधं रूप.

मी दोन्ही वापरल्या आहेत. आता कुठल्या वाटेने जातो ते पुढे कळेलच, पण पहिलीला नावं ठेवायचा हेतू नाही. पडदा सपाट असेल, उजेड सारखा असेल आणि समोरच्याचे केस चापूनचोपून बसवलेले असतील, तर inRange दहा मिनिटांत काम उरकतं. ट्रॅकबार लावून आकडे सरकवा, मास्क डोळ्यांसमोर बदलताना दिसतो. दुसऱ्या वाटेत असं काही चटकन दिसत नाही, आधी थोडं गणित पचवावं लागतं.

माझं गाडं अडलं ते केसांपाशी. आपल्याकडचे केस काळे, आणि काळ्या रंगाला ह्यू असा जवळपास नसतोच. पडद्याचा थोडा हिरवा उजेड केसांवर पडला, की निळा-हिरवा-लाल या क्रमाने (२०, ३०, २०) असा पिक्सेल मिळतो. डोळ्याला तो काळाच दिसतो. ओपनसीव्हीत मात्र त्याचा ह्यू येतो बरोबर ६०, म्हणजे हिरव्याचा मध्यबिंदू. सॅच्युरेशन साधारण ८५, व्हॅल्यू ३०. म्हणून आपण खालची मर्यादा वाढवतो, सॅच्युरेशन १०० आणि व्हॅल्यू ४०. केस वाचले. पण पडद्याच्या तळाशी सावलीत गेलेली एखादी सुरकुती असते, तिचा पिक्सेल (१५, ४५, १८) सारखा. ती या मर्यादेतून जेमतेम पार होते. थोडी आणखी गडद सुरकुती असली की ती मागे राहते, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर खांद्याशेजारी काळपट हिरवा डाग उमटतो.

तरी हा त्रास इस्त्री आणि दिव्यांनी आटोक्यात येतो. खरी पंचाईत सुट्या बटांची. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये अर्धा केस आणि अर्धा पडदा येतो. केस (२०, २५, २०) आणि पडदा (६०, १७०, ७०) असेल, तर मिश्रण होतं साधारण (४०, ९७, ४५). त्याचा ह्यू ५७ आणि सॅच्युरेशन १५०. inRange ला इथे हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. आधी धरलेल्या मर्यादेत तो पिक्सेल पडद्यात जमा होतो, म्हणजे बट कात्रीने कापल्यासारखी गायब. सॅच्युरेशनची मर्यादा १६० केली तर बट राहते, पण हिरवीगार. शिवाय पडद्याचं स्वतःचंच सॅच्युरेशन १६५ आहे, त्यामुळे जिथे उजेड किंचित फिका पडला तिथे पडदाही मागे राहू लागतो. अर्धा केस असलेल्या पिक्सेलला अर्धा म्हणायची सोयच या पद्धतीत नाही. मास्कला गॉशियन ब्लर देऊन कडा मऊ करता येते, मीही करायचो. पण तो ब्लर चेहऱ्याभोवती, कानाभोवती, कॉलरभोवती सगळीकडे सारखाच पसरतो. कड धूसर होते, बट काही परत येत नाही.

आणि हे सगळं एका फोटोसाठी झालं. पुढच्या मुलीचे केस कुरळे असतात, त्यापुढच्याच्या टकलावर दिवा चमकत असतो. प्रत्येकासाठी आकडे पुन्हा सरकवायचे, तर मग लूप कशाला लावला? माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

दुसऱ्या वाटेत तोच अर्धा पिक्सेल घ्या. हिरवा ९७, उरलेल्यांत मोठा ४५, म्हणून आघाडी ५२. मोकळ्या पडद्याची आघाडी १७० वजा ७०, म्हणजे १००. गुणोत्तर ०.५२. म्हणजे पिक्सेलचा साधारण अर्धा भाग पडदा आहे, आणि आपल्याला हवं होतं नेमकं तेच. काळ्या केसांच्या आतल्या पिक्सेलची आघाडी १०, गुणोत्तर ०.१. खालचं टोक ०.१२ वर कापलं की तो पूर्ण घट्ट राहतो.

सुरकुतीचं काय? तिची आघाडी फक्त २७. तिला सरसकट १०० ने भागलं तर ती पाऊण घट्ट राहील आणि डाग इथेही दिसेल. म्हणून माणूस उभा करण्याआधी रिकाम्या पडद्याचा एक फोटो काढून ठेवायचा, कोडमध्ये तोच plate, आणि प्रत्येक पिक्सेलला त्याच जागेच्या आघाडीने भागायचं. २७ ला २७ ने भागलं की एक, डाग संपला.

```python
def lead(x):
    return x[..., 1] - np.maximum(x[..., 0], x[..., 2])

f = img.astype(np.float32)
p = cv2.GaussianBlur(plate, (0, 0), 5).astype(np.float32)
t = lead(f) / np.maximum(lead(p), 1)
a = 1 - np.clip((t - 0.12) / (0.85 - 0.12), 0, 1)
f[..., 1] = np.minimum(f[..., 1], np.maximum(f[..., 0], f[..., 2]))
out = f * a[..., None] + bg * (1 - a[..., None])
```

float32 विसरू नका. आठ बिटांच्या ॲरेत २० वजा ३० केलं तर नमपाय मुकाट्याने २४६ देतो, आणि चेहऱ्यावर भोकं का पडली ते शोधत बसावं लागतं. शेवटून दुसरी ओळ हिरवी झाक काढते: हिरवा उरलेल्या दोघांतल्या मोठ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. आपला अर्धा पिक्सेल त्यामुळे (४०, ४५, ४५) होतो, म्हणजे निव्वळ करडा. काहीजण मोठ्याऐवजी दोघांची सरासरी घेतात. माझं मत विचाराल तर ते टाळा. हळदी रंगाच्या कुर्त्याचा पिक्सेल (४०, १९०, २२०) असेल तर सरासरी १३०, हिरवा तिथवर खाली येतो आणि पिवळा कुर्ता विटकरी होतो. मोठ्याशी तुलना केली तर तो जसाच्या तसा राहतो.

रिकाम्या पडद्याच्या फोटोला एक अट आहे: कॅमेरा तिवईवर हवा, आणि एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स दोन्ही हाताने बांधलेले हवेत. ऑटोवर ठेवलं की लाल ड्रेस समोर आला म्हणून पडद्याचा रंग सरकतो आणि भागाकाराला अर्थ उरत नाही. काही शे फोटोंना एकच आकडे चालण्याचं श्रेय गणिताइतकंच या शिस्तीला आहे, हेही कबूल करायला हवं.

आता या वाटेचं दुखणं. पांढरा शर्ट. पडद्याच्या जवळ उभं राहिलं की खांद्याच्या सावलीतल्या बाजूवर हिरवा परावर्तित होतो आणि पिक्सेल (१५०, १८५, १५५) असा येतो. आघाडी ३०, गुणोत्तर ०.३, म्हणजे शर्टाचा तो भाग पाव पारदर्शक. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कळणारही नाही, पण निळी टाकली की खांद्यातून निळं झिरपताना दिसतं. इथे एचएसव्ही सरळ सरळ वरचढ ठरतं, कारण या पिक्सेलचं सॅच्युरेशन जेमतेम ४८ आहे. माणसाला पडद्यापासून दीड-दोन मीटर पुढे उभं केलं की हा त्रास बराच कमी होतो, पण कॉलेजच्या एखाद्या वर्गखोलीत तेवढी जागा मिळतेच असं नाही.

म्हणून मी inRange ला कामावरून काढलेलं नाही, फक्त दुसरं काम दिलंय. ढोबळ एचएसव्ही मास्क काढायचा, cv2.erode ने तो कडेपासून वीसेक पिक्सेल आत ओढायचा, आणि जो गाभा उरेल तिथे पारदर्शकता शून्य असं ठरवून टाकायचं. गाभा एचएसव्ही सांभाळतं, कड आघाडी सांभाळते. कडेच्या आकड्यांना हात लावावा लागत नाही.

हिरवी बांगडी, हिरवी साडी, पोपटी ओढणी यांच्यापुढे दोन्ही वाटा हात टेकतात. रंगावरून ओळखायचं म्हटल्यावर बांगडी आणि पडदा यांत फरक करणार कसा? छातीपर्यंतच्या फोटोत cv2.findContours ला RETR_EXTERNAL देऊन बाहेरची कड घ्या आणि आतली भोकं भरून टाका, बांगडी वाचेल. पण काठ हिरवा असलेली साडी खांद्यावरून फ्रेमबाहेर गेली असेल, तर त्या दिवसासाठी निळा पडदा बरोबर असलेला बरा. कोडमध्ये फक्त १ आणि ० या अनुक्रमांकांची अदलाबदल करायची. निळ्या गणवेशाच्या कॉलेजात मात्र पुन्हा हिरवाच.

तपासणीसाठी एक सवय सांगतो. अंतिम रंगावर जाण्याआधी सगळे फोटो एकदा भडक जांभळ्या पार्श्वभूमीवर चढवून छोट्या चौकोनांत एकत्र पाहा. गळती, उरलेली सुरकुती, कापलेली बट, सगळं तिथे ओरडून सांगतं. पांढऱ्यावर यातलं निम्मं लपतं. आणि फोटो जेपेग असतील तर केसांच्या कडेला पायऱ्या दिसू शकतात. बऱ्याच जेपेगमध्ये रंगाची माहिती उभी-आडवी निम्म्याच रिझोल्यूशनवर साठवलेली असते, त्याला दोन्हींपैकी कुठलीच पद्धत काही करू शकत नाही. रॉ मिळत असेल तर मागून घ्या.

रिकाम्या पडद्याचा फोटो हाताशी नसेल, म्हणजे फोटो कुणीतरी आधीच काढून पेन ड्राइव्हवर आणून दिले असतील, तर बहुतेक लोक inRange कडे परततात आणि तसं करण्यात काही गैर नाही. पण त्याच फोटोतून पडदा उभा करता येतो. कडक मर्यादांनी खात्रीचा हिरवा भाग घ्या, फोटोला त्या मास्कने गुणून मोठा ब्लर द्या, मास्कलाही तेवढाच ब्लर द्या आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. माणसाच्या मागे पडदा कसा दिसला असता याचा बऱ्यापैकी अंदाज मिळतो. सुरकुत्या त्यात विरून जातात, उजेडाचा चढउतार तेवढा राहतो. चुरगळलेला पडदा असेल तर हे पुरणार नाही, ताणून बसवलेल्या पडद्याला मात्र माझ्या अनुभवात पुरलं आहे.