प्रोग्रेसिव्हच्या नावाखाली फसवणूक: चाळिशीचा चष्मा घेताना बिलाआधी काय बघायचं

बिलावर एकच ओळ होती: पर्सनलाइज्ड डिजिटल प्रोग्रेसिव्ह, फ्रेमसह 13,800 रुपये. गिऱ्हाईक होत्या घरी ब्लाउज शिवणाऱ्या, 48 वर्षांच्या एक बाई. दूरचा नंबर शून्य, जवळचा दोन्ही डोळ्यांना +1.75. तक्रार एवढीच की सुईत दोरा ओवताना मान उचलून, हनुवटी पुढे काढून बघावं लागतं, आणि मशीनवर शिवण सरळ जाते की वाकडी ते कळत नाही. दुकानाचं उत्तर ठरलेलं: "ताई, पंधरा दिवसांत सवय होईल." पंधरा दिवस झाले आणि काचा बदलून देण्याची मुदतही त्याच दिवशी संपली.

त्या चष्म्यात काय चुकलं होतं ते नीट उलगडून सांगण्यासारखं आहे, कारण ही फसवणूक फुटकी काच विकून होत नाही. काच बरी असते, नंबरही बरोबर असतो. फसवणूक होते ती कामाला न शोभणारी काच विकण्यात, आणि जी मापं घेतलीच नाहीत त्यांचे पैसे लावण्यात.

आधी चाळिशी म्हणजे काय ते. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं. वय वाढतं तसं ते कडक होत जातं आणि फुगणं कमी पडतं. म्हणून चाळिशीच्या आसपास पेपर लांब धरावासा वाटतो. कमी पडलेली ताकद चष्म्यात बाहेरून घालायची, तोच जवळचा नंबर. चाळिशी-पंचेचाळिशीत तो साधारण +1 ते +1.25 असतो, पन्नाशीत दोनच्या आसपास आणि साठीनंतर अडीचपर्यंत जातो. मात्र हा अंदाज झाला. खरा नंबर तुम्ही काम किती लांबीवर करता त्यावर ठरतो. फुकट तपासणीच्या यंत्रात हनुवटी टेकवून जो कागद निघतो, त्यावर फक्त दूरचा नंबर असतो. जवळचा नंबर काढायला डोळ्यावर ट्रायल फ्रेम चढवून, वाचनाचा तक्ता तुमच्या नेहमीच्या अंतरावर धरावा लागतो. या बाईंना कोणी "शिवताना कापड किती लांब असतं?" असं विचारलंच नव्हतं. जाणकाराला पहिला संशय इथेच यायला हवा.

आता त्यांच्या कामाचा हिशेब मांडू. हातशिलाई आणि हूक लावणं 33 सेंटिमीटरवर, मशीनची सुई 45 वर, टेबलावर बेतणं 55 च्या आसपास. साधा, पूर्ण काच एकाच नंबरची असलेला +1.75 चा चष्मा लावला तर डोळ्याला काही जोर न लावता 57 सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं (100 भागिले 1.75). या वयात डोळ्याची स्वतःची थोडी ताकद उरलेली असते. समजा ती अडीच धरली, तर तिच्या निम्म्याएवढी, म्हणजे सव्वा, न थकता दिवसभर वापरता येते. सव्वा आणि पावणेदोन मिळून तीन. 100 भागिले 3 म्हणजे 33 सेंटिमीटर. म्हणजे 33 ते 57 पर्यंत, सुईपासून बेतायच्या टेबलापर्यंत, अख्खं शिवणकाम एका साध्या काचेत बसलं, तेही काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. दारात कोण आलं ते बघायला चष्मा नाकावर खाली घ्यायचा, नाहीतर दोरीने गळ्यात सोडायचा. दूरचा नंबर शून्य असल्यामुळे एवढंच पुरतं. असा चष्मा साध्या फ्रेमसकट हजाराच्या आत बसतो. दुकानात त्याचं नावही निघालं नाही.

प्रोग्रेसिव्ह काच वेगळ्या जातीची. वर दूरचा नंबर, खाली जवळचा, आणि मधे नंबर हळूहळू वाढत जाणारा एक अरुंद पट्टा. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दृश्य पुसट आणि तिरपं दिसतं. पट्टा जितका आखूड आणि जवळचा नंबर जितका मोठा, तितका बाजूचा पुसटपणा जास्त. हा काचेच्या घडणीचाच नियम आहे. महागड्या डिझाइनमध्ये तो पुसटपणा इकडून तिकडे सरकवता येतो, नाहीसा करता येत नाही. म्हणून दुकानदार "कुठूनही स्पष्ट" म्हणाला की ते खोटं समजावं. शिवणकामात नजर कापडाच्या लांबीभर डावी-उजवी फिरते. ती फिरली की पट्ट्याबाहेर जाते, मग डोळ्याऐवजी मान फिरवावी लागते. मशीनकडे बघताना तर नजर नेमकी मधल्या, सगळ्यात अरुंद भागातून जाते.

तरीही प्रोग्रेसिव्ह नीट बसवली असती तर बाईंनी कदाचित निभावून नेलं असतं. ती नीट बसवलीच नव्हती.

प्रोग्रेसिव्हला दोन मापं लागतातच. एक, नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीचं अंतर, डावं वेगळं, उजवं वेगळं. दुसरं, बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या आतल्या कडेपर्यंतची उंची. उंची घ्यायची ती तुम्ही निवडलेली फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर ठाकठीक बसवून, समोरासमोर बसून, फ्रेममधल्या नकली काचेवर पेनाने बाहुलीसमोर ठिपका देऊन. पर्सनलाइज्डचे पैसे लावले असतील तर आणखी मापं हवीत: फ्रेम किती झुकलेली आहे, डोळ्यापासून काच किती लांब आहे, फ्रेमला बाक किती. कोणी यंत्रावर फोटो काढून घेतं, कोणी मोजपट्टीने घेतं. दोन्ही चालतं. इथे यातलं काहीच झालं नव्हतं. फ्रेम निवडली, पैसे भरले, "गुरुवारी या" म्हणाले, संपलं.

हे नंतरही पकडता येतं. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर कायमच्या कोरलेल्या दोन बारीक खुणा असतात, बहुधा इवल्या गोलांच्या, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर. काचेवर वाफ सोडा, ट्यूबलाइटसमोर तिरकी धरा, म्हणजे दिसतात. कानाकडच्या खुणेखाली जवळचा नंबर कोरलेला असतो, नाकाकडच्या खुणेखाली कंपनीची किंवा डिझाइनची खूण. बाईंच्या काचेवर नंबर बरोबर होता, पण नाकाकडची खूण बिलावरच्या डिझाइनची नव्हती. काच त्याच कंपनीच्या साध्या, तयार डिझाइनची निघाली. काचेबरोबर येणारं पाकीट किंवा कार्ड मागितलं तर "ते लॅबमध्येच राहतं" असं उत्तर मिळालं.

मग त्या खुणांवर स्केचपेनने ठिपके दिले. एका काचेवरच्या दोन ठिपक्यांचा मध्य काढला, तसाच दुसऱ्या काचेवर. दोन्ही मध्यांमधलं अंतर मोजलं ते 62 मिलिमीटर. बाईंच्या बाहुल्यांमधलं खरं अंतर 57, उजवीकडे 28 आणि डावीकडे 29. म्हणजे माप न घेता सरासरी आकडा लॅबला कळवला होता. उजवा पट्टा 3 मिलिमीटर बाहेर गेला, डावा 2. पट्टाच जिथे काही मिलिमीटरचा, तिथे एवढी चूक म्हणजे दोन्ही डोळे एका वेळी पट्ट्यात येतच नाहीत.

उंचीची गोष्ट याहून वाईट. फ्रेम फॅशनची, काचेची उभी उंची जेमतेम 28. बाहुलीपासून खालची कड 15 मिलिमीटरवर. काच होती 14 मिलिमीटरच्या पट्ट्याची, जिला किमान 18 उंची लागते. जवळचा पूर्ण नंबर सुरू होतो 14 वर आणि 15 वर काच संपते. ज्या भागासाठी एवढे पैसे मोजले, तो भाग काच घासताना लॅबच्या फरशीवर पडला. बाई हनुवटी वर करत होत्या त्या उरलेल्या एका मिलिमीटरच्या शोधात. सवय कशाची व्हायची?

बायफोकलला दुकानात हल्ली नाक मुरडतात, "रेषा दिसते, म्हातारे दिसाल" म्हणून. पण ज्याला दूरचाही नंबर आहे आणि दिवसभर वही, पावतीपुस्तक, मोबाइल बघायचा आहे, त्याच्यासाठी डी बायफोकल, म्हणजे आडव्या डी अक्षरासारखा तुकडा असलेलं, आजही चोख काम देतं. खालचा तुकडा साधारण 28 मिलिमीटर रुंद, त्यात कडेपर्यंत स्पष्ट. केटी या दुसऱ्या जातीच्या बायफोकलचा गोल तुकडा स्वस्त असतो, पण त्याचा सगळ्यात रुंद भाग खाली असतो आणि रेषा ओलांडताना दृश्य जास्त उडी मारतं. तुकड्याची वरची कड खालच्या पापणीच्या रेषेत हवी. ती वर आली की चालताना आड येते, खाली गेली की वाचताना मान उचलावी लागते. बायफोकलची खरी उणीव मधल्या अंतराची. जवळचा नंबर दोनच्या पुढे गेला की हाताच्या अंतरावरचा कॉम्प्युटर वरच्या भागातूनही पुसट आणि खालच्या भागातूनही. दूर, स्क्रीन आणि कागद असं तिन्ही एका चष्म्यात खरंच हवं असेल, तिथे प्रोग्रेसिव्हचे पैसे वसूल होतात. आणि फुटपाथवरचे शंभर-दीडशेचे तयार चष्मे? दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि सिलिंडर नसेल तर पोथी वाचायला चालतात. दिवसभराच्या शिवणकामाला नाही, कारण त्यांच्या काचांचे मध्य तुमच्या बाहुल्यांसाठी बसवलेले नसतात.

म्हणून पैसे देण्याआधी बिलावर काचेचं डिझाइन, पट्ट्याची लांबी, दोन्ही बाहुल्यांची वेगवेगळी अंतरं आणि उंची लिहून घ्यावी. नंबरचा कागद तुमचा आहे, तो दुकानात ठेवू नका. चष्मा घेताना काचेवरच्या रंगीत खुणा पुसू देऊ नका. चष्मा घालून आरशासमोर उभं राहा: फुली बरोबर बाहुलीवर यायला हवी आणि खालचं वर्तुळ फ्रेमच्या आत अख्खं दिसायला हवं. ते कापलं गेलं असेल तर चष्मा तिथेच परत द्या. खुणा आधीच पुसलेल्या असतील तर त्या पुन्हा काढायला सांगा. कोरलेल्या खुणांवरून कंपनीच्या तक्त्यावर ठेवून पाच मिनिटांत काढता येतात.

बाईंनी मापं कागदावर लिहून नेली, खुणा दाखवल्या आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर फिरवायची तयारी दाखवली. दुकानाने काचांचे पैसे परत केले, फ्रेमचे नाही. त्याच फ्रेममध्ये आता +1.75 च्या साध्या काचा आहेत. वाचायच्या काचेला 28 उंची भरपूर होते.