अडीच रुपयांची क्लिक महाग, साडेसातची स्वस्त

महाद्वार रोडवर कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे आणि इन्स्टाग्रामवर दोन जाहिराती चालवल्यात, असं धरू. पहिली कारागिराचा हात दाखवणारी रील, दुसरी साधा फोटो: किंमत, साईज आणि ‘घरपोच’. दोन्हींवर प्रत्येकी ३,००० रुपये गेले. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

| | रील | फोटो |
|---|---|---|
| किती वेळा दिसली | ६०,००० | ४०,००० |
| क्लिक | १,२०० | ४०० |
| क्लिक रेट | २% | १% |
| एका क्लिकचा खर्च | ₹२.५० | ₹७.५० |
| ऑर्डर | ६ | १२ |
| कन्व्हर्जन | ०.५% | ३% |

रिपोर्ट देणारा बहुतेक वेळा वरच्या चार ओळींवर बोट ठेवतो आणि ‘रील जोरात चाललीय’ म्हणतो. क्लिक रेट म्हणजे शंभर वेळा दिसल्यावर किती वेळा बोट लागलं, एवढंच. रील बघायला मजा येते म्हणून लोक थांबतात. त्यातल्या किती जणांना चप्पल घ्यायची होती, हे तो आकडा सांगत नाही.

तुम्ही खालून वर वाचा. कन्व्हर्जन म्हणजे शंभर क्लिकमागे किती ऑर्डरी आल्या. रीलची एक ऑर्डर ५०० रुपयांना पडली, फोटोची २५० ला. जोड १,२०० ला विकून माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता ४०० उरत असतील, तर रील प्रत्येक जोडीमागे १०० रुपये खाते आणि फोटो १५० मिळवून देतो.

यातून एक उपयोगी हिशेब निघतो: एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे? जोडीमागे उरणारे पैसे गुणिले कन्व्हर्जन. रीलसाठी ४०० च्या ०.५%, म्हणजे २ रुपये. फोटोसाठी ४०० च्या ३%, म्हणजे १२ रुपये. त्यामुळे अडीचची क्लिक परवडत नाही आणि साडेसातची आरामात परवडते.

मात्र आधी दोन गोष्टी तपासा. रिपोर्टमधला क्लिकचा आकडा `Link clicks` चा आहे की `Clicks (all)` चा? दुसऱ्यात लाईक, कमेंट, प्रोफाईलवरचं बोट सगळंच येतं, म्हणून तो फुगलेला दिसतो. आणि ‘कन्व्हर्जन’ म्हणून नेमकं काय मोजलंय? व्हॉट्सॲपवर ‘किंमत काय?’ विचारणाराही त्या रकान्यात बसवलेला असू शकतो. कॅश ऑन डिलिव्हरीचे परत आलेले जोड तर जाहिरातीच्या रिपोर्टला आपोआप कळतच नाहीत. ते स्वतःच्या वहीतून वजा करायचे.

सहा आणि बारा ऑर्डरी म्हणजे फरक तसा थोडक्यावरच उभा आहे, म्हणून रील लगेच बंद करू नका. तिच्यातही किंमत आणि साईज टाकून थोड्या पैशांत पुन्हा चालवा, बाकीचा खर्च फोटोवर वळवा. शिवाय रील बघून थेट दुकानात आलेलं गिऱ्हाईक यात धरलेलंच नाही. ‘कुठं बघितलंत?’ हे गल्ल्यावर विचारून लिहून ठेवलं, तरच रीलला तिचा वाटा देता येईल.